इंग्रजीतली नामांची आगगाडी: मराठीत आणण्याआधी तिचे डबे सुटे का करावे लागतात?

'ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कॅबिनेट एअर इनटेक फिल्टर क्लीनिंग इंटर्व्हल.'

घरी वापरायच्या वैद्यकीय यंत्रांसोबत जी इंग्रजी पुस्तिका येते, तिच्यात अशा धाटणीची शीर्षकं पानोपानी दिसतात. एकूण आठ शब्द. त्यात एकही क्रियापद नाही आणि शब्दांना जोडणारं 'ऑफ', 'फॉर', 'इन' असलं काहीही नाही. नामामागे नाम, त्यामागे आणखी एक नाम. इंग्रजीत याला 'नाउन स्टॅक' किंवा 'नाउन स्ट्रिंग' म्हणतात. मराठीत सोयीसाठी नामसाखळी म्हणता येईल.

आता हेच शीर्षक शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं तर काय होईल? 'ऑक्सिजन संहतक मंत्रिमंडळ वायू अंतर्ग्रहण गाळणी स्वच्छता मध्यांतर.' कॅबिनेटचं मंत्रिमंडळ झालं आणि इंटर्व्हलचं मध्यांतर झालं, हे वाचून हसू येतं. पण शब्द अचूक निवडले तरी वाक्य कळत नाही, ही खरी अडचण आहे. 'मंत्रिमंडळ'च्या जागी 'यंत्राची पेटी' आणि 'मध्यांतर'च्या जागी 'कालावधी' घातला, तरी घरच्या माणसाला नेमकं काय करायचं हे समजत नाही. आणि इथे न समजण्याची किंमत मोठी आहे, कारण त्या यंत्रावर कुणाचा तरी श्वास अवलंबून असतो.

असं का होतं? आणि अशी साखळी मराठीत आणण्याआधी ती सोडवायची कशी?

समासाचा विग्रह आठवतोय?

शाळेत मराठीच्या तासाला समास सगळ्यांनीच शिकलेले असतात. 'तोंडपाठ' म्हणजे तोंडाने पाठ, 'पूजाद्रव्य' म्हणजे पूजेसाठी द्रव्य, 'चोरभय' म्हणजे चोरापासून भय. दोन शब्द जवळ आले की मधला प्रत्यय गळून पडतो. तो परत शोधून काढणं म्हणजे विग्रह.

'कांदेपोहे' आणि 'पुरणपोळी' यांत तर प्रत्ययच नाही, मधले अख्खे शब्दच गळलेले असतात. कांदे घालून केलेले पोहे, पुरण घालून केलेली पोळी. व्याकरणात याला मध्यमपदलोपी समास म्हणतात.

इंग्रजीतली नामसाखळी म्हणजे असाच समास, फक्त दोन पदांचा नव्हे तर पाच, सहा, आठ पदांचा. आणि तिच्यात प्रत्येक सांध्यातून काही ना काही गळलेलं असतं. ऑलिव्ह ऑइल हे ऑलिव्हपासून काढलेलं तेल असतं, तर बेबी ऑइल हे बाळासाठी असलेलं तेल. रचना एकच, पण गळलेला शब्द वेगळा. इंग्रजी वाचणारा तो आपल्या अनुभवातून भरून काढतो. ऑलिव्ह आणि बाळ या दोन्ही गोष्टी त्याला माहीत असतात, त्यामुळे त्याचा घोटाळा होत नाही. पण 'कॅबिनेट एअर इनटेक फिल्टर' हा भाग ज्यानं कधी पाहिलेलाच नाही, त्यानं अनुभव कुठून आणायचा?

म्हणून भाषांतराची सुरुवात शब्दकोशापासून होत नाही, विग्रहापासून होते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानं अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत आणि एकेका संज्ञेसाठी ते उपयोगी पडतात. पण दोन संज्ञांच्या मध्ये 'साठी' आहे, 'मधला' आहे की 'पासून' आहे, हे कोणताच कोश सांगत नाही.

साखळी जितकी लांब, तितका गोंधळ वाढतो का?

वाढतो, आणि वाटतं त्यापेक्षा फार वेगानं वाढतो.

'ओल्ड पंप मोटर' हे तीन शब्द घ्या. जुनं काय आहे? पंप की मोटर? इंग्रजीत दोन्ही अर्थ निघू शकतात. मराठीला मात्र एकाची निवड करावीच लागते, कारण मराठी विशेषण आपल्या नामाप्रमाणे रूप बदलतं. 'जुन्या पंपाची मोटर' किंवा 'पंपाची जुनी मोटर'. मधला मार्ग नाही. म्हणजे इंग्रजी लेखकानं जो प्रश्न अनुत्तरित ठेवला, त्याचं उत्तर मराठी लिहिणाऱ्याला द्यावंच लागतं.

तीन शब्दांची साखळी दोन प्रकारे जोडता येते. चार शब्दांची 5 प्रकारे, पाच शब्दांची 14 प्रकारे आणि सहा शब्दांची 42 प्रकारे. अर्थात यातल्या बहुतेक जोडण्या निरर्थक असतात आणि वाचणारा त्या नकळत बाजूला टाकतो. पण दोन-तीन जोडण्या अशा उरतात की ज्या ऐकायला सारख्याच बरोबर वाटतात. चूक तिथेच होते.

विमानाच्या देखभालीत अशी चूक परवडत नाही. म्हणून विमानांच्या देखभाल पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाचं सोप्या इंग्रजीचं जे मानक आहे, त्यात एक साधा नियम घातलेला आहे: सलग तीनपेक्षा जास्त नामं जोडायची नाहीत. म्हणजे इंग्रजी ज्यांच्या कामाची भाषा आहे, त्यांनाही लांब साखळ्या अडचणीच्या वाटतात.

अमेरिकी सरकारच्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शिकेतही अशा साखळीचं एक उदाहरण दिलेलं आहे: 'अंडरग्राउंड माइन वर्कर सेफ्टी प्रोटेक्शन प्रोसीजर्स डेव्हलपमेंट'. सात शब्द. मराठीत याचा विग्रह होतो: 'जमिनीखालच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी कार्यपद्धती तयार करणं'. यात 'प्रोटेक्शन' वेगळं आलेलं नाही हे लक्षात घ्या. सुरक्षेचं संरक्षण म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. साखळी सुटी केली की असे जास्तीचे डबेही उघडे पडतात.

मग आठ शब्दांची साखळी सोडवायची कशी?

आता सुरुवातीच्या शीर्षकाकडे परत येऊ. त्याआधी हे यंत्र काय करतं ते थोडक्यात पाहावं लागेल, कारण पुढचे निर्णय त्यावरच ठरतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा आत ओढतो. या हवेत साधारण 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे भरलेले असतात. दाबाखाली ते नायट्रोजनला धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. बाहेर नळीतून जी हवा रुग्णाला मिळते, तिच्यात यंत्र नीट चालत असेल तर ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या वर असतो. आत ओढलेल्या हवेतली धूळ अडवायला फिल्टर असतात.

पहिली पायरी: शेवटचा शब्द धरा. इंग्रजी साखळीत मुख्य शब्द सगळ्यात शेवटी असतो आणि आधीचे सगळे त्याचं वर्णन करतात. 'हॉर्स रेस' म्हणजे घोड्यांची शर्यत, तर 'रेस हॉर्स' म्हणजे शर्यतीचा घोडा. या आगगाडीचं इंजिन मागे लावलेलं असतं. आपल्या शीर्षकातला शेवटचा शब्द 'इंटर्व्हल' आहे. म्हणजे हे शीर्षक यंत्राबद्दल नाही, फिल्टरबद्दलही नाही. ते दोन वेळांमधल्या अंतराबद्दल आहे, अर्थात 'किती दिवसांनी' याबद्दल. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: मुळातच जोडलेल्या जोड्या ओळखा. 'ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर' हे एका यंत्राचं नाव आहे. ते तोडायचं नाही. 'एअर इनटेक' म्हणजे हवा आत शिरते ती जागा, हीसुद्धा एकच वस्तू. आता आठ शब्दांचे सहा तुकडे उरले: यंत्र, पेटी, हवा शिरण्याची जागा, फिल्टर, साफ करणं, अंतर.

तिसरी पायरी: उजवीकडून डावीकडे येत प्रत्येक सांध्याला प्रश्न विचारा. कशामधलं अंतर? दोन वेळा साफ करण्यामधलं. काय साफ करायचं? फिल्टर. इथे जरा थांबायला हवं. 'फिल्टर क्लीनिंग' म्हणजे फिल्टरला साफ करणं की फिल्टरनं साफ करणं? नुसत्या शब्दांवरून दोन्ही निघू शकतं. पण अंतर दिवसांत दिलेलं असेल, तर काम माणसानं करायचं आहे, म्हणजे फिल्टरलाच साफ करायचं आहे. पुढे, कुठला फिल्टर? हवा शिरते तिथला. हवा कुठे शिरते? पेटीत. कसली पेटी? यंत्राची.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. 'कॅबिनेट' या शब्दाचा सांधा कसा सोडवायचा? 'पेटीवरचा फिल्टर' की 'पेटीच्या आतला फिल्टर'?

व्याकरण याचं उत्तर देत नाही, यंत्र देतं. बऱ्याच कॉन्सन्ट्रेटरमध्ये एकाहून जास्त फिल्टर असतात. एक पेटीच्या बाहेरच्या बाजूला, हाताने काढता येईल असा, बहुधा स्पंजसारखा. तो घरच्यांनी धुवायचा असतो, साधारणपणे आठवड्यातून एकदा. दुसरे बारीक फिल्टर पेटीच्या आत असतात. ते धुवायचे नसतात. ठरावीक काळानं ते बदलायचे असतात आणि ते काम सहसा तंत्रज्ञ करतो. मराठीत 'पेटीच्या आतला फिल्टर आठवड्याला धुवा' असं गेलं, तर कुणीतरी स्क्रू काढून यंत्र उघडेल आणि बारीक फिल्टर नळाखाली धरेल. तो ओला फिल्टर पुन्हा बसवला की निकामी होतो. म्हणजे 'वरचा' आणि 'आतला' या एका शब्दाच्या फरकानं यंत्र बंद पडू शकतं.

म्हणून असा सांधा आला की पुस्तिकेतली भागांची आकृती उघडायची. तीर कुठल्या भागाकडे दाखवतोय ते पाहायचं. आकृतीतही स्पष्ट होत नसेल, तर पुस्तिका लिहिणाऱ्यांना विचारायचं. अंदाजानं सोडवलेला सांधा वाचणाऱ्याला अंदाज वाटत नाही, तो त्याला खात्रीची सूचनाच वाटतो.

चौथी पायरी: लपलेलं क्रियापद बाहेर काढा. 'क्लीनिंग' हे दिसायला नाम असलं तरी आत क्रियापद आहे. ते मोकळं केलं की लगेच प्रश्न येतो: हे कुणी करायचं? आणि साफ करायचं म्हणजे झटकायचं, पुसायचं की धुवायचं? शीर्षकात याचं उत्तर नसतं, खालच्या मजकुरात असतं. म्हणून शीर्षकाचं भाषांतर त्याखालचा मजकूर वाचल्याशिवाय करू नये.

आता मराठी शीर्षक तयार होतं: 'बाहेरचा फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?'

आणि पहिल्या ओळीत उरलेला तपशील: 'यंत्राच्या बाहेरच्या बाजूला, हवा आत शिरते तिथे, स्पंजसारखा फिल्टर असतो. तो दर आठवड्याला धुवा. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. यंत्राच्या आतले फिल्टर धुवू नका.'

'ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर' हे शब्द शीर्षकातून गेले. अख्खी पुस्तिकाच त्या यंत्राची असल्यावर ते पुन्हा सांगायची गरज नाही. शेवटचं वाक्य मात्र मूळ साखळीत नव्हतं. ते मूळ पुस्तिकेत दुसरीकडे लिहिलेलं असतं तेव्हा इथे उचलून आणता येतं. तिथे नसेल, तर भाषांतर करणाऱ्यानं आपल्या मनानं घालू नये, लिहिणाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी.

'चा-ची-चे' लावलं की झालं, असं का नाही?

साखळी सोडवताना सगळ्यात सोपा मोह म्हणजे प्रत्येक सांध्यात 'चा', 'ची', 'चे' भरणं. त्यातून असं काहीतरी तयार होतं: 'यंत्राच्या पेटीच्या हवेच्या मार्गाच्या फिल्टरच्या स्वच्छतेचा कालावधी'. व्याकरण चुकलेलं नाही, पण वाचताना दम लागतो.

यात दोन अडचणी आहेत. पहिली अर्थाची. 'तिळाचं तेल' आणि 'केसांचं तेल' यांत 'चं' सारखाच आहे, पण एक तेल तिळापासून काढलेलं आणि दुसरं केसांसाठी आहे. म्हणजे 'चा' लावल्यानं विग्रह झाल्यासारखा वाटतो, पण संबंध झाकलेलाच राहतो. यावर उपाय म्हणजे खरा संबंध सांगणारा शब्द वापरणं: साठी, मधला, वरचा, पासून, मुळे, मोजणारा, अडवणारा.

दुसरी अडचण मराठीच्या रचनेतली आहे. एरवी चा, ची, चे यांवरून पुढचं नाम कोणतं ते कळतं. 'यंत्राची नळी', 'यंत्राचा फिल्टर'. कान ते लगेच पकडतो. पण पुढच्या नामाला स्वतःलाच प्रत्यय लागला की या तिघांचंही 'च्या' होतं, आणि लिंग-वचनाची ती खूण पुसली जाते. सलग चार 'च्या' आले की कोण कुणाचं हे सांगणारं काहीच उरत नाही. इंग्रजी साखळीत जो अंधार होता, तोच मराठीत प्रत्यय लावून परत आलेला असतो.

एक साधी खूण लक्षात ठेवता येईल. एका ओळीत तिसरा 'च्या' आला की थांबायचं आणि वाक्य दोन भागांत तोडायचं. वस्तू कुठली ते एका वाक्यात, तिचं काय करायचं ते दुसऱ्यात.

एक गळलेला शब्द किती महाग पडू शकतो?

याच यंत्रावर आणखी एक छोटी साखळी भेटते: 'लो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेशन अलार्म'. चारच शब्द. पटकन मराठी होतं 'कमी ऑक्सिजनचा इशारा'.

पण कुणाचा ऑक्सिजन कमी? कोरोनाच्या काळापासून घराघरांत ऑक्सिमीटर माहीत झाला आहे. बोटाला लावायचा आणि रक्तातला ऑक्सिजन पाहायचा. त्यामुळे 'कमी ऑक्सिजन' वाचलं की घरच्यांना रुग्णाचाच ऑक्सिजन आठवतो. हा दिवा मात्र रुग्णाबद्दल काहीच सांगत नसतो. यंत्रातून बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घसरलं, साधारण 82 टक्क्यांच्या खाली गेलं, की तो लागतो. म्हणजे बिघाड यंत्रात आहे.

दोन्ही अर्थांनी पुढची धावपळ वेगळी होते. रुग्णाचा ऑक्सिजन कमी झाला असं समजणारा माणूस यंत्राचा प्रवाह वाढवायला जाईल. पण प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टर ठरवतात, आणि यंत्रच कमजोर हवा देत असेल तर त्याच्याच भरवशावर राहण्यात धोका आहे. अशा वेळी राखीव सिलिंडरवर जाणं आणि सेवा केंद्राला कळवणं गरजेचं असतं. म्हणून मराठीत तो गळलेला शब्द परत यायलाच हवा: 'यंत्रातून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन कमी झाल्याचा इशारा'. चार शब्दांचे सात झाले, पण कुणाचा ऑक्सिजन हा प्रश्न उरला नाही.

इथे 'ओल्ड पंप मोटर'सारखी मदतही मिळत नाही. 'जुना' रूप बदलतो म्हणून लिहिणाऱ्याला थांबावं लागतं. 'कमी' मात्र कशाही पुढे तसाच राहतो. त्यामुळे 'कमी', 'जास्त', 'सुरक्षित' असे न बदलणारे शब्द साखळीच्या सुरुवातीला आले की जास्त सावध राहायला हवं. ते कुठल्या नामाला चिकटलेत हे मराठी कान आपोआप सांगणार नाही.

प्रत्येक साखळी सोडवायचीच का?

नाही. काही ठिकाणी ती तशीच ठेवणं बरं.

लोकांच्या तोंडी रुळलेली नावं सोडवायची नसतात. 'ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर'ला 'हवेतला ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र' असं एकदा समजावून सांगावं, पण पुढे नाव तेच ठेवावं. दुकानात, दवाखान्यात, फोनवर तेच चालणार आहे. यंत्राच्या पडद्यावर किंवा बटणाजवळ जे शब्द छापलेले असतात, तेही जसेच्या तसे द्यावेत आणि त्यापुढे मराठीत अर्थ सांगावा. नाहीतर वाचणारा मराठी शब्द पडद्यावर शोधत बसेल.

लांब विग्रह दर ओळीत परत करणंही कंटाळवाणं होतं. पहिल्यांदा पूर्ण ओळख करून द्यायची आणि मग एक छोटं नाव ठरवायचं. वरच्या उदाहरणात 'बाहेरचा फिल्टर' हे असं नाव आहे. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच वापरायचं. मध्येच 'मुख्य गाळणी', मग 'हवेचा फिल्टर' असं केलं तर वाचणाऱ्याला तीन वेगळ्या वस्तू आहेत असं वाटतं.

साखळी नीट सुटली हे कसं ओळखायचं?

मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी मजकूर वाचायला द्या आणि तीन गोष्टी विचारा: कुठल्या वस्तूला हात लावायचा, तिचं काय करायचं, आणि कधी करायचं. यंत्र समोर असेल तर बोट ठेवून दाखवायला सांगा. बोट चुकीच्या जागी गेलं, तर तो सांधा अजून सुटलेला नाही.

'समजलं का?' असं मात्र विचारू नका. त्याला लोक बहुतेक वेळा 'हो' म्हणतात. फिल्टर कुठला, हे बोटानं दाखवावं लागलं की खरं उत्तर मिळतं.